सप्टेंबरमधला ओझोन

फ्रीजमध्ये, फोमच्या उशांमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांमध्ये एके काळी जे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू, म्हणजे सीएफसी, सर्रास वापरले जात, त्यांतले बहुतेक युरोप, अमेरिका आणि जपान या उत्तरेकडच्या देशांत हवेत सुटले. ओझोनचा थर मात्र सर्वांत जास्त विरला तो अंटार्क्टिकावर. तिथे ना शहर, ना कारखाना. शिवाय विरला तो बारमाही नव्हे, दरवर्षी ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर एवढ्याच काळात. ही विसंगती दाखवून पुष्कळांनी विचारलं होतं, की मग दोष या वायूंवर कसा येतो? प्रश्न रास्त होता, आणि आज मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे. कारण ही जागा आणि हा ऋतू नीट समजून घेतला, की जो पुरावा सीएफसीच्या बाजूचा वाटतो तोच त्यांच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. थर आता भरून येतोय की नाही, हे ओळखण्याची खूणही तिथेच सापडते.

आधी ओझोन करतो काय ते पाहू. जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, हा वायू विरळपणे पसरलेला आहे. तो सगळा खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली शून्य अंश तापमानाला गोळा केला, तर त्याची जाडी सरासरी तीन मिलिमीटर भरेल. एकावर एक ठेवलेली दोन नाणी, एवढीच. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन एकक. ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात. अतिनील किरण त्याच्यावर पडला, की रेणू तो शोषून घेतो आणि फुटतो, एक अणू सुटा होतो. पण हा सुटा अणू जवळजवळ लगेच दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला जाऊन चिकटतो, पुन्हा ओझोन तयार होतो आणि किरणातली ऊर्जा उष्णतेच्या रूपात हवेत उरते. म्हणजे किरण अडवताना ओझोन खर्ची पडत नाही; तोच तोच ओझोन दिवसभर हे काम करत राहतो. स्थितांबरात वर जावं तशी हवा ऊबदार होत जाते, ती यामुळेच. २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचे किरण ओझोन आणि ऑक्सिजन मिळून वरच्या वर संपवतात. ३१५ च्या पलीकडचे बहुतांशी खाली पोचतात. खरा प्रश्न आहे तो मधल्या पट्ट्याचा. तिथे ओझोनची शोषणक्षमता झपाट्याने उतरत जाते, म्हणून थर थोडा जरी पातळ झाला तरी त्वचा भाजणारे, डोळ्यांना आणि पिकांना अपाय करणारे किरण त्या प्रमाणात जास्त येतात.

ओझोन मोजण्याची जुनी पद्धतही याच उतरणीवर उभी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ गॉर्डन डॉब्सन यांनी बनवलेलं उपकरण सूर्यप्रकाशातल्या दोन लहरी शेजारी शेजारी तोलतं: एक सुमारे ३०५ नॅनोमीटरची, जी ओझोन बरीच शोषतो, आणि दुसरी सुमारे ३२५ ची, जी तो फारशी शोषत नाही. पहिली दुसरीच्या मानाने किती मंद झाली, यावरून डोक्यावर किती ओझोन आहे ते कळतं. अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश तळावर १९५७ च्या आसपासपासून हे मोजमाप सातत्याने चालू होतं. तिथली ऑक्टोबरची सरासरी पूर्वी ३०० एककांच्या आसपास असे. १९८४ पर्यंत ती २०० च्या जवळ उतरली. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी १९८५ च्या मे महिन्यात हे जाहीर केलं. क्लोरीनमुळे ओझोन घटेल, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्येच दिला होता. पण त्यांनी वर्तवलेली घट मंद होती आणि खूप उंचावरची होती. दक्षिण ध्रुवावर इतक्या खालच्या उंचीवर, इतक्या वेगाने ओझोन नाहीसा होईल, हे कोणाच्याच गणितात नव्हतं.

गणितातून निसटलेला तो दुवा सापडला ढगांमध्ये. सीएफसीचे रेणू अतिशय टिकाऊ असतात. खालच्या हवेत ते ना पाण्यात विरघळत, ना कशाशी संयोग पावत. वर्ष-दोन वर्षांत ते साऱ्या पृथ्वीच्या हवेत सारखे मिसळून जातात. ते हवेपेक्षा जड आहेत, मग वर चढतील कसे, अशी शंका घेतली जाई. पण वातावरणात वायू वजनाप्रमाणे थर लावून बसत नाहीत, वारे त्यांना घुसळत राहतात, आणि फुगे व विमानं पाठवून घेतलेल्या नमुन्यांत हे वायू स्थितांबरात प्रत्यक्ष सापडलेले आहेत. वर गेल्यावर प्रखर अतिनील किरण त्यांना फोडतात आणि क्लोरीन मोकळा होतो. तरीही हा क्लोरीन एरवी दोन निरुपद्रवी संयुगांत अडकून राहतो: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, ध्रुवाभोवती वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा तयार होतो आणि आतल्या हवेत बाहेरची ऊबदार हवा शिरत नाही. तापमान उणे ७८ अंशांखाली गेलं, की नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे बारीक कण गोठून त्या कोरड्या उंचीवरही ढग धरतात. या कणांच्या पृष्ठभागावर ती दोन संयुगं एकमेकांशी भिडतात आणि क्लोरीन सुटा होतो. सोबतचं नायट्रिक आम्ल ढगांतच राहतं, काही खाली गळून जातं, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा अडकवणारं द्रव्यही उरत नाही. आता फक्त प्रकाश हवा. ऑगस्टअखेर सूर्य क्षितिजावर येतो आणि क्लोरीनचे अणू ओझोनचे रेणू मोडत सुटतात. क्लोरीन स्वतः त्यात संपत नाही, म्हणून एकेक अणू हजारो रेणूंचा नाश करतो. सूझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढगांची ही भूमिका १९८६ मध्ये मांडली. उत्तर ध्रुवावर पर्वतरांगा आणि जमीन-समुद्राच्या रचनेमुळे भोवरा वारंवार विस्कटतो, हवा तेवढी थंड राहत नाही, म्हणून तिथे एवढी हानी क्वचितच होते. २०११ आणि २०२० चे हिवाळे असेच अपवादात्मक थंड होते.

म्हणजे सीएफसी सगळीकडे सारखेच होते. त्यांतल्या क्लोरीनला मोकळं करणारी थंडी, अंधार आणि त्यानंतरचा प्रकाश मात्र एकत्र मिळाला तो दक्षिण ध्रुवावर. १९८७ मध्ये चिलीच्या पुंता अरेनास इथून संशोधन-विमानं थेट या भोवऱ्यात शिरली, तेव्हा हे आकड्यांत दिसलं. ऑगस्टच्या अखेरीस भोवऱ्यात, मोकळ्या क्लोरीनची खूण असलेलं क्लोरीन मोनॉक्साइड प्रचंड वाढलेलं होतं, पण ओझोन अजून फारसा घटला नव्हता. सप्टेंबरच्या मध्यावर मात्र विमान भोवऱ्याची कड ओलांडताच क्लोरीन मोनॉक्साइड जिथे चढे तिथेच ओझोन पडे, अगदी बारीक चढउतारांपर्यंत. आधी कारण हजर, मग परिणाम, आणि दोन्ही एकाच जागी. याहून स्वच्छ पुरावा निसर्गविज्ञानात फार थोड्या वेळा मिळतो, असं मला वाटतं. हा क्लोरीन ज्वालामुखींचा असेल, हा आक्षेपही टिकला नाही. ज्वालामुखीतून निघणारं हायड्रोजन क्लोराइड पाण्यात सहज विरघळतं आणि बहुतेक वाटेतच पावसाबरोबर खाली येतं. शिवाय स्थितांबरात क्लोरीनच्या जोडीने फ्लोरीनचं संयुगही वर्षानुवर्षं वाढत गेलं, आणि तिथे त्याचा मुख्य स्रोत सीएफसी आणि त्यांच्या जातीचे मानवनिर्मित वायू हाच आहे.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल करार झाला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी तो कडक होत गेला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. मग थर भरून येतोय हे कसं ओळखायचं? ऑक्टोबरमधल्या छिद्राचा आकार पाहून चालत नाही. त्या महिन्यापर्यंत पंधरा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळपास संपलेला असतो, त्यामुळे क्लोरीन थोडा कमी झाला तरी शेवट तोच दिसतो. शिवाय भोवरा कधी मोडेल हे त्या वर्षीच्या हवामानावर असतं. सप्टेंबरात मात्र ऱ्हास चालू असतो, संपलेला नसतो, आणि थंडी दरवर्षी भरवशाची असते. तिथे क्लोरीनची घट उघड दिसायला हवी. सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमकं हे तपासलं आणि २००० पासून सप्टेंबरमधलं छिद्र चाळीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक आक्रसल्याचं दाखवलं. हे क्षेत्र आपल्या देशाहून मोठं आहे. त्यातली निम्म्याहून अधिक घट क्लोरीन कमी झाल्यामुळे होती.

यावर हल्ली एक प्रश्न येतो: २०२० ते २०२३ या वर्षांत छिद्र मोठं होतं आणि लांबलंही, मग सुधारणा कुठे आहे? या वर्षांत भोवरा बराच काळ थंड आणि स्थिर राहिला, ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर स्थितांबरात पोचला आणि जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीने तिथे प्रचंड वाफ सोडली. क्लोरीन मात्र या काळातही उतरतच होता. उलट २०१९ चं छिद्र फार लहान होतं, ते स्थितांबर अचानक तापल्यामुळे. त्याचा आनंद मानणंही तितकंच चुकीचं ठरलं असतं. एकेका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, तो दोन्ही बाजूंनी येत नाही. आणखी एक गैरसमज आपल्याकडचा. विदर्भातल्या मे महिन्यातल्या उन्हाचा संबंध ओझोनच्या छिद्राशी जोडला जातो. हे छिद्र आपल्यावर कधीच नव्हतं. विषुववृत्ताजवळ ओझोन मुळातच थोडा कमी असतो आणि त्यात झालेली घट अगदी अल्प आहे. आपल्याकडे अतिनील किरण तीव्र असतात, ते सूर्य डोक्यावर असतो म्हणून.

सुधारणा एवढी संथ का, याचं उत्तर त्या वायूंच्या आयुष्यात आहे. हवेत गेलेला सीएफसी-११ सरासरी पन्नास वर्षं टिकतो, सीएफसी-१२ सुमारे शंभर. जुन्या फ्रीजमधून आणि इमारतींच्या फोममधून ते अजूनही झिरपतात. २०१८ मध्ये तर असं दिसून आलं, की सीएफसी-११ जेवढ्या वेगाने घटायला हवा तेवढ्या वेगाने तो २०१२ नंतर घटत नाही. कोणीतरी तो बंदी मोडून नव्याने बनवत होतं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांनी वाऱ्यांच्या दिशा जुळवून त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधला असल्याचं शोधलं, आणि पुढच्या काही वर्षांत घट पुन्हा पूर्वीच्या मार्गावर आली. हे ध्यानात घेऊनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्याने पुढचे अंदाज दिले आहेत. नियम पाळले गेले तर ओझोन १९८० च्या पातळीवर येईल, तो जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. ज्या ठिकाणी हानी सर्वांत खोल झाली तिथे ती सर्वांत उशिरा भरेल, कारण तिथे थोडासा उरलेला क्लोरीनसुद्धा हिवाळ्यातले ते ढग दरवर्षी मोकळा करत राहणार आहेत.