अक्षर आधी मोठं करा

सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओत अक्षरं पुसट दिसली, की दोष बहुधा बिटरेटला दिला जातो. खरं कारण बरेचदा त्याआधीच घडलेलं असतं. समजा, १९२० बाय १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर एक्सेलमधलं अक्षर १२ पिक्सेल उंच आहे. प्रेक्षकानं मोबाइलवर तोच व्हिडिओ ४८०पीवर पाहिला, तर त्या अक्षराला जेमतेम पाच पिक्सेल उरतात. त्यात मात्रा, वेलांटी, अनुस्वार कुठे मावणार? बिटरेट वाढवून हे भरून येत नाही, कारण व्हिडिओ-संकेतस्थळं आपली फाइल पुन्हा आकुंचित करतातच. म्हणून रेकॉर्डिंगपूर्वीच झूम २०० टक्के करावा; मग त्याच अक्षराला सुमारे अकरा पिक्सेल मिळतात.

यावर आक्षेप येतो, की मग पूर्ण तक्ता दिसत नाही. बरोबर आहे, पण एका वेळी शिकवायचे असतात दोन-तीन रकानेच. पूर्ण तक्ता सुरुवातीला क्षणभर दाखवावा. रंगही जपून निवडावेत. नेहमीच्या संकोचनात चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद राहते, उजेडाची मात्र प्रत्येकाची. त्यामुळे निळ्यावरचं लाल अक्षर फिसकटतं, पांढऱ्यावरचं काळं टिकतं. अर्ध्या मिनिटाचा नमुना खासगी ठेवून अपलोड करावा आणि मोबाइलवर ४८०पीवर वाचून पाहावा.