रीलमधला टी-शर्ट कुणाचा?

२८ जुलै २०२५ ला राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचे नियम काढले. त्यातला एक परभणीतल्या दुकानदारानंही उचलावा: प्रोफाइल फोटो सोडला तर वैयक्तिक अकाउंटवरच्या रीलमध्ये लोगो, गणवेश, गाडी नको.

समजा, बियाण्याच्या दुकानातल्या पोरानं दुकानाचा टी-शर्ट घालून एखाद्या पक्षाचं रील टाकलं. गिऱ्हाइकाला ते दुकानाचंच मत वाटणार ना? तेच घरच्या कपड्यांत, दुकानाचं नाव न घेता टाकलं, तर मालकानं मध्ये पडू नये. उधारीच्या वहीचा फोटो मात्र कुठल्याच अकाउंटवर नको. ती माहिती गिऱ्हाइकाची.

सरकारी नियमांत धोरणावर टीका करायलाही मनाई आहे. ते कलम दुकानात आणू नका. पगार थकला, तर पोरगा बोलणारच!