पक्ष्यांचा एकमार्गी श्वास

सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसातील वायुकोश एका टोकाला बंद असल्यामुळे हवा आल्या वाटेनेच परतते, आणि विश्रांत माणसाने घेतलेली अर्धा लिटर हवा आत आधीच उरलेल्या सुमारे अडीच लिटर शिळ्या हवेत मिसळते. पक्ष्यांत मात्र श्वासाची बरीचशी ताजी हवा प्रथम मागच्या वायुपिशव्यांत, म्हणजे भात्याचे काम करणाऱ्या पातळ पडद्याच्या पिशव्यांत साठते. उच्छ्वासाबरोबर ती फुप्फुसातील दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या सूक्ष्म नळ्यांतून पुढे सरकते, दुसऱ्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत पोहोचते आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. नवल असे की, ही दिशा राखणारी झडप कोठेही आढळत नाही. नळ्यांची ठेवण आणि हवेचा वेग यांवरच ते काम भागते. महाराष्ट्रातील जलाशयांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हिमालयावरील विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू मिळवतो, त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.