कॉफी पावडर: तरंगते की बुडते?

परवा ‘शुद्ध कॉफी’ लिहिलेलं एक पाकीट आणलं. काचेच्या ग्लासात गार पाणी घेतलं आणि न ढवळता वरून अर्धा चमचा पावडर भुरभुरली. काही सेकंदांतच बरेच कण तपकिरी रेघा सोडत खाली गेले. ती चिकोरी! कॉफीच्या कणांत तेल असतं, म्हणून ते बराच वेळ तरंगतात. चिकोरी पाणी पटकन शोषते, रंगही सोडते. तळाचे कण बोटांत चोळले तर मऊ लागले. कॉफी भिजूनही कडक राहते.

आता, पाकिटावर चिकोरी छापलेली असेल, तर 49 टक्क्यांपर्यंत ती कायद्याने चालते. नेमकं प्रमाण मात्र ग्लासात कळत नाही. इन्स्टंट कॉफी तर विरघळतेच, तिथे ही चाचणी नको.

आणि भुसा? तो हलका, कॉफीसोबत तरंगतो, म्हणून इथे सुटतो. पांढऱ्या कागदावर पावडर पसरून भिंगातून फिकट, चपटे तुकडे शोधा. थोडी साल कॉफीतही असतेच. खूप दिसली तर शंका घ्या. बारीक दळलेला भुसा मात्र दिसणार नाही. त्यावर उपाय एकच: बिया घ्या, समोर दळून घ्या.