गांधार कोणत्या तारेत?



आज आषाढ पौर्णिमा. या स्मृतिव्याख्यानासाठी मी साहित्याचा विषय योजिला होता. परंतु समोर माझे गुरुजी बसलेले पाहून तो बाजूस ठेवतो आणि आपल्या अनुज्ञेने त्यांच्याशीच बोलतो.

गुरुजी, वयाने आपण माझ्याहून वीस वर्षांनी लहान. निवृत्तीनंतर मी हजीऱ्यास आलो आणि आपल्याकडे गाणे शिकू लागलो. पहिले सहा महिने आपण मला गाऊ दिले नाही. केवळ तंबोरा लावावयास बसविले. आयुष्यभर छंद शिकविलेल्या मला ते थोडे अपमानास्पदच वाटले होते, हे आज कबूल करतो.

आधी मधली जोड षड्जात मिळवावयाची, मग पंचम, शेवटी खर्ज. जोडीच्या दोन तारा किंचित विजोड असल्या, की नादात लाट उठते. त्या जवळ येतील तसतशी लाट संथ होते आणि एक झाल्या की विरते. खुंटीने ढोबळ काम करावे, मण्याने बारीक. मग घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवून जवारी उघडावी. एवढे साधले म्हणजे खर्जातून गांधार ऐकू येतो. तो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. खर्जाच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा तो स्वर त्याच तारेत दडलेला असतो.

एका पावसाळ्यात मात्र लाट विरेचना. अर्धा तास मी मणी वरखाली करीत होतो. आधी दोष खुंटीला दिला, कारण दमट हवेत लाकूड फुगते, मग हवेला, शेवटी स्वतःच्या कानाला. आपण काही न बोलता जोडीच्या एका तारेवरून बोट फिरविले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटावर तांबूस ठिपका होता. इथल्या खाऱ्या वाऱ्याने पोलादी तार गंजली होती. गंजलेली तार सर्वत्र सारख्या जाडीची राहत नाही, म्हणून तिचे वरचे नाद मूळ नादाशी जुळत नाहीत. ती कितीही पिळली तरी जोडीशी एकजीव होत नाही. आपण तार बदलली. काही वेळाने गांधार आला.

मी कित्येक वर्षे वर्गात कविता मोठ्याने वाचून दाखविल्या. शब्द संपल्यावर मागे काय उरते, हे मी त्या वर्षांत ऐकलेच नव्हते. ते ऐकणे मला आपल्याकडे मिळाले, विद्यार्थी सोडून गेल्यावर. ही खंत आहे.

आता उतारवयात कान प्रथम उंच नाद गमावतो, तसे माझेही झाले आहे. खर्ज ऐकू येतो; जवारीचा बारीक झंकार हरवतो. म्हणून आज तंबोरा आपणच लावावा. मी तो मांडीवर घेऊन, भोपळ्यावर हात ठेवून बसेन. गांधार आला, की मला खुणेने सांगा.