मधला पगार कुणाचा?

(पगारातील तफावतीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



विभागवार पगाराची माहिती मागितली की हल्ली आकड्यांच्या यादीऐवजी पुष्कळदा एक आलेख हाती येतो. कधी त्यात पेट्या असतात, कधी व्हायोलिनसारखे फुगीर आकार असतात. पहिल्याला बॉक्स प्लॉट म्हणतात, दुसऱ्याला व्हायोलिन प्लॉट. आज या दोन आलेखांबद्दलच बोलायचं आहे. कोणता काय दाखवतो, काय झाकतो आणि विभागात माणसं थोडी असली की दोन्ही कसे घातक ठरतात, एवढंच आपण बघू.

उदाहरणासाठी एक रुग्णालय घेऊ. रुग्णालय कल्पनेतलं आहे, आकडेही मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून ठरवले आहेत. पण त्यातली रचना तुमच्या ओळखीची वाटेल.

या रुग्णालयात नर्सिंगमध्ये ४० जणी आहेत. त्यातल्या २० कंत्राटी, महिना १२ ते २० हजारांच्या. उरलेल्या २० कायम, ४० ते ५२ हजारांच्या. कार्यालयातही ४० माणसं आहेत, पण तिथे पगार १२ हजारांपासून ५२ हजारांपर्यंत पायरीपायरीने चढत जातात.

आता पेटी कशी काढतात ते बघा. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने ओळीत उभं करायचं. ओळीचे चार सारखे भाग करायचे, म्हणजे इथे दहा-दहाचे. पहिला भाग संपतो तिथे पेटीचा तळ, तिसरा संपतो तिथे पेटीचं झाकण. ओळीच्या बरोबर मध्यावर पेटीत एक आडवी रेघ. तो मध्यक, म्हणजे मधला पगार. पेटीच्या वर आणि खाली ज्या रेघा निघतात त्यांना मिशा म्हणतात. पेटीच्या उंचीच्या दीडपटीपर्यंतच्या अंतरात जो शेवटचा पगार सापडेल, तिथे मिशी थांबते. त्यापलीकडे कुणी असेल तर त्याचा सुटा ठिपका. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही रीत रूढ केली. तेव्हा हाताने आलेख काढायचे, त्यामुळे पाच आकड्यांत काम भागतं हा तिचा मोठा गुण होता.

आपल्या नर्सिंगची पेटी काढली तर तळ १६ हजारांवर येतो, झाकण ४५ हजारांवर. ओळीत विसावी १२ ते २० हजारांतली शेवटची, तिचा पगार २० हजार. एकविसावी कायम नोकरीतली पहिली, तिचा ४० हजार. या दोघींच्या मधोमध ३० हजार, म्हणून मधली रेघ ३० हजारांवर. कार्यालयाची पेटीही १६ हजार, ३० हजार, ४५ हजार अशीच निघू शकते, मिशांची टोकंही तीच. दोन पेट्या शेजारी ठेवल्या की व्यवस्थापन म्हणेल, ‘बघा, नर्सिंग आणि कार्यालय यांत काही फरक नाही. दोन्हीकडे मधला पगार ३० हजार.’

पण नर्सिंगमध्ये ३० हजार पगार कुणाचा आहे? कुणाचाच नाही. २० हजार ते ४० हजार या पट्ट्यात एकही बाई नाही. रेघ नेमकी त्या रिकाम्या जागेत पडली आहे. कार्यालयात चढायला जिना आहे, नर्सिंगमध्ये दोन मजले आहेत आणि मधला जिनाच नाही. पेटी हे सांगू शकत नाही, कारण पेटीच्या आत माणसं कुठे बसली आहेत याची नोंदच त्या आलेखात नसते.

इथे व्हायोलिन कामाला येतो. जेरी हिन्त्झे आणि रे नेल्सन यांनी तो १९९८ मध्ये मांडला. त्यात ज्या पगाराच्या आसपास माणसं जास्त, तिथे आकार फुगतो आणि कमी तिथे बारीक होतो. मग दोन्ही बाजूंना तोच आकार आरशासारखा काढतात. नर्सिंगचा व्हायोलिन काढला की १६ हजारांच्या आसपास एक फुगवटा, ४५ हजारांच्या आसपास दुसरा आणि मध्ये कंबर, असं दिसतं. कार्यालयाच्या आकाराला अशी कंबर पडत नाही. जी गोष्ट पेटीने झाकली ती इथे लहान मुलालाही दिसेल. विभाग मोठा असेल आणि कंत्राटी-कायम असा दुभंग असल्याची शंका असेल, तर व्हायोलिनच मागा.

पण व्हायोलिनही सगळं खरं बोलत नाही. तो मोजलेला आकार नसतो, गुळगुळीत केलेला असतो. संगणक प्रत्येक पगारावर वाळूचा एक छोटा ढीग ओततो आणि सगळ्या ढिगांची बेरीज करून कड काढतो. ढीग किती पसरट ओतायचा हे आधी ठरवावं लागतं. पायथनमधल्या सीबॉर्न या नेहमीच्या साधनाला आपण काहीच सांगितलं नाही, तर ते हे एका ठरीव सूत्राने स्वतःच ठरवतं. नर्सिंगसाठी तो पसारा साधारण सात हजार रुपयांचा येतो. त्यामुळे कंबर बारीक होते, पण पूर्ण नाहीशी होत नाही. जिथे एकही बाई नाही तिथेही थोडी जाडी उरते. कुणी म्हणेल, ‘मध्येही काहीजणी आहेत की!’ त्यांना सांगायचं, ती वाळू बाजूच्या ढिगांवरून घरंगळलेली आहे.

मोठ्या विभागात ही चूक सांभाळता येते. लहान विभागात मात्र आलेखच बनावट होतो. त्याच रुग्णालयाची प्रयोगशाळा घ्या. तिथे पाच माणसं आहेत. चार बाया १५, १७, १९ आणि २४ हजारांवर आणि एक पुरुष विभागप्रमुख ५८ हजारांवर. या पाच आकड्यांवर सीबॉर्न जो पसारा ठरवतो तो जवळजवळ तेरा हजारांचा येतो. शिवाय ते आकाराची टोकं आणखी दोन पसारे पुढे खेचतं. परिणाम काय होतो? व्हायोलिनची खालची शेपूट उणे ११ हजारांच्या जवळ जाते. प्रयोगशाळेत कुणी कामावर येण्याचे पैसे भरतं आहे, असा त्याचा अर्थ! वरचं टोक ८४ हजारांच्या आसपास जातं, जो पगार तिथे कुणालाच नाही. आणि चौघींच्या जागी एक मऊ, भरदार आकार दिसतो, जणू तिथे पन्नास जण काम करतात.

भरीला आणखी एक गोष्ट आहे. सीबॉर्न सगळ्या व्हायोलिनचं क्षेत्रफळ सारखं ठेवतं. पाचजणांचा आकार चाळीसजणींच्या आकाराइतकाच मोठा दिसतो. म्हणून आलेख हाती आला की आधी तीन गोष्टी तपासा. प्रत्येक आकाराखाली माणसांची संख्या लिहिली आहे का? शेपूट शून्याखाली किंवा सर्वात कमी पगाराच्या खाली जाते का? आकारांची रुंदी संख्येप्रमाणे बदलते का? आलेख आपणच काढत असू तर `cut=0` दिलं की शेपूट खऱ्या पगारापाशी कापली जाते आणि `density_norm="count"` दिलं की रुंदी संख्येप्रमाणे होते. पण पाच माणसांत याने आकार खरा होत नाही, फक्त खोटेपणा थोडा आवरतो.

मग लहान विभागासाठी पेटी बरी का? इथे उलटा धोका आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पाच माणसांना ओळीत उभं करून पेटी काढा. तळ दुसऱ्या माणसावर, मधली रेघ तिसऱ्यावर, झाकण चौथ्यावर. खालची मिशी पहिल्यावर. पेटीची उंची ७ हजार, तिची दीडपट १० हजार ५००, म्हणून ३४ हजार ५०० च्या वर जो असेल तो सुटा ठिपका, म्हणजे विभागप्रमुख. आलेखात पाच खुणा आहेत आणि त्या पाचही माणसांचे पगार आहेत, रुपयापर्यंत. आपण ‘नावं गाळली आहेत’ असं समजून तो आलेख सभेत लावतो, आणि प्रयोगशाळेतली प्रत्येक व्यक्ती बाकीच्या चौघांचा पगार वाचू शकते. माहिती कुणी बाहेर दिली याचा संशयही त्या चौघींवरच येतो.

कुणी म्हणेल, मग प्रयोगशाळा गाळून टाकू. तेवढ्याने भागत नाही. संस्थेचा महिन्याचा एकूण पगारखर्च छापला आणि बाकीच्या सगळ्या विभागांची संख्या आणि सरासरीही छापली, तर वजाबाकीने प्रयोगशाळेचे १ लाख ३३ हजार निघतात. प्रमुखाची श्रेणी सर्वांना ठाऊक असते. त्याचे ५८ हजार वजा केले की चौघींचे मिळून ७५ हजार. म्हणून एकच विभाग कधी लपवू नये. लपवायचे तर दोन तरी, नाहीतर एकूण आकडा तरी देऊ नये.

दुसरी वाट काळाची. या तिमाहीत पाचजणांची सरासरी २६,६०० होती. एक बाई सोडून गेली, पुढच्या तिमाहीत चौघांची सरासरी २९,००० झाली. पाच गुणिले २६,६०० म्हणजे १ लाख ३३ हजार, चार गुणिले २९,००० म्हणजे १ लाख १६ हजार. फरक १७ हजार, तोच तिचा पगार. वर कुणाला एक रुपयाही वाढ न मिळता विभागाची सरासरी वाढलेली दिसते. कमी पगाराची बाई गेली एवढंच घडलेलं असतं.

तेव्हा कामापुरता एक नियम आपण ठेवू. हा कायद्यातला नाही, सावधगिरीचा आहे. विभागात तीस-चाळीस किंवा जास्त माणसं असतील तर व्हायोलिन काढावा आणि त्याच्या आत बारीक पेटीही काढावी, म्हणजे आकारही दिसतो आणि मधला पगारही. दहा ते तीस माणसं असतील तर गुळगुळीत आकार नको, प्रत्येकीचा एक ठिपका द्यावा. पण तो आलेख आपल्या बैठकीपुरता, बाहेर देताना पगार हजाराच्या पट्ट्यांत. दहापेक्षा कमी असतील तर आलेखच नको. आणि ही मोजणी विभागाची नाही, आलेखात जो गट वेगळा दाखवला त्याची. चाळीसजणांच्या विभागात बाया तीनच असतील आणि आपण बाया-पुरुष वेगळे काढले, तर गट तीनचा झाला.

लहान विभाग दुसऱ्यात मिसळायचा तर कामाचं साम्य बघून मिसळावा. प्रयोगशाळेतल्या पाचजणांना क्ष-किरण विभागातल्या नऊ तंत्रज्ञांबरोबर ठेवलं तर चौदाजणांचा गट होतो, शिक्षण आणि जबाबदारीही जुळते. लेखा विभागात मिसळलं तर फक्त संख्या भरते, तुलना मरते.

यात एक पेच उरतो, तो लपवायला नको. अन्याय पुष्कळदा लहान विभागातच असतो. चार बाया आणि एक पुरुष, आणि पगारातली ही दरी! गट मिसळला की ती दरी आलेखातून पुसली जाते. विषमता दाखवायला निघालो आणि सर्वात ठळक विषमता आपणच झाकली, असं होतं. त्यावर आणखी बारीक आलेख हा उपाय नाही. चार माणसांचं संख्याशास्त्र होत नाही, चार माणसांची तक्रार होते. त्या चौघींकडे जायचं, कामाचं स्वरूप, शिक्षण, नोकरीची वर्षं लिहून घ्यायची, प्रमुखाच्या जबाबदारीचा फरक किती रुपयांचा ठरतो ते मांडायचं. आणि त्यांनी हो म्हटलं तरच, त्या म्हणतील तेवढंच पुढे न्यायचं. एकीने नाही म्हटलं तर तिचा आकडा कुठल्याही पेटीत, कुठल्याही ठिपक्यात जाणार नाही, हे आधीच ठरवून घ्यायचं.