अंड्याची पिवळीधमक गुंडाळी

आज आपण अंड्याच्या एका जपानी पदार्थाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव तामागोयाकी. तामागो म्हणजे अंडं आणि याकी म्हणजे भाजलेलं. नावावरून वाटेल की हे आपलं ऑम्लेटच. पण आपण एकदाच जाडसर ओततो आणि उलटतो; जपानी बाई तेच मिश्रण तीन-चार वेळा पातळ ओतते, प्रत्येक थर आधीच्या गुंडाळीभोवती गुंडाळत जाते आणि शेवटी विटेसारखा लांबट ठोकळा तयार होतो. कापला की आत थरांची वळणं दिसतात. तिकडे मुलांच्या नि नोकरदारांच्या डब्यात हा पदार्थ नेहमीचा असतो.

आमचा गट चाकणच्या बाजूला कारखान्यांना डबे पुरवतो. तिथल्या काही जपानी पाहुण्यांसाठी वीस डब्यांची मागणी आली आणि प्रत्येक डब्यात या गुंडाळीचे दोन तुकडे हवे होते. अट एकच, तुकडा पिवळा हवा, त्यावर तपकिरी डाग नको. ही अट सगळ्या जपानची नाही बरं का. टोकियोकडे साखर जास्त घालतात आणि थोडा रंग आला तर चालतो. क्योटो-ओसाकाकडे मिश्रणात दाशी घालतात. दाशी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि सुक्या माशाचे पापुद्रे यांचं पातळ पाणी. तिकडची गुंडाळी मऊ, रसाळ आणि फिकट पिवळी असते. आम्हाला ती दुसरी हवी होती.

एका गुंडाळीला तीन अंडी, तीन मोठे चमचे पाणी किंवा दाशी, पाव चमचा मीठ आणि एक लहान चमचा साखर. साखर याहून वाढवू नका, कारण तीच आधी करपते. सोया सॉस घालायचाच तर दोन थेंब. जास्त झाला तर रंग मळकट होतो. डब्यासाठी करताना आम्ही अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लॉवर त्याच पाण्यात कालवून घालतो. त्यामुळे थराला जोर येतो आणि नंतर डब्यात पाणी सुटत नाही.

आता फेटण्याबद्दल. ऑम्लेटसाठी आपण फेस येईपर्यंत फेटतो, इथे तसं करायचं नाही. फेसाचे बुडबुडे तव्यावर फुगतात, त्यांच्या जागी थर पातळ होतो आणि गुंडाळताना तिथेच फाटतो. काटा भांड्याच्या तळाला टेकवून डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे पांढरा भाग कापला जातो. मग चहाच्या मोठ्या गाळणीतून गाळून घ्या. गाळणीत चिकट पांढरे धागे राहतील. ते मिश्रणात राहिले तर पिवळ्या थरात पांढरे पट्टे दिसतात आणि थर फाटायला तिथूनच सुरुवात होते.

जपानमध्ये यासाठी चौकोनी तवा मिळतो. आम्ही वीतभर रुंदीचा, गोल, नॉनस्टिकचा तवा वापरतो. बिडाच्या तव्यावर सुरुवात करू नका, तो तापला की लवकर निवत नाही. तेल लावायला धिरड्याच्या तव्यासारखा अर्धा कांदा फिरवावासा वाटेल, पण कांद्याचे कण तव्यावर राहतात आणि जळून डाग पाडतात. सुती कापडाची घडी तेलात भिजवून चिमट्यात धरा आणि तवा नुसता पुसा. तेलाचं तळं साचलं तर थराला भोकं पडतात आणि कडा तळल्यासारखी होते.

खरी कसोटी आचेची. अंडं साठ-सत्तर अंशांना घट्ट व्हायला लागतं. तपकिरी रंग येतो तो खालचं पाणी आटून तवा त्याच्या कितीतरी पुढे तापल्यावर. म्हणजे शिजणं आणि करपणं यांच्यात भरपूर जागा आहे, आपल्याला त्या जागेत राहायचंय. गॅस मध्यमपेक्षा थोडा कमी ठेवा आणि तव्यावर मिश्रणाचा एक थेंब टाका. हळूच चुरचुरला आणि पिवळाच राहिला तर तवा तयार. तडतडून कडेला तपकिरी झाला तर तवा फार तापलाय. उचलून बाजूला धरा. थेंब गुपचूप पसरून तिथेच बसला तर तवा अजून गार आहे, त्यावर ओतलं तर चिकटेल. गॅसची कळ सारखी फिरवण्यापेक्षा तवाच वर उचलायचा आणि खाली ठेवायचा, हे हाताला लवकर जमतं. चुलीवर करत असाल तर जाळावर नको, निखाऱ्यावर करा.

एक लहान पळीभर, म्हणजे मिश्रणाचा चौथा भाग ओता आणि तवा फिरवून पसरवा. बुडबुडा आला तर टोचून फोडा. कडा धरल्या, पण वरचा भाग अजून ओला चकाकतोय आणि तवा कलता केला तरी वाहत नाही, हीच गुंडाळायची वेळ. गोल तव्यात आधी डावी-उजवी कड दोन बोटं आत दुमडा, म्हणजे पट्टी सरळ होते. मग पलीकडून आपल्याकडे उलथन्याने दुमडत या. पहिली गुंडाळी वेडीवाकडी झाली तरी काही बिघडत नाही, ती आतच राहणार.

आपल्या सुरळीच्या वडीत थर पूर्ण बसल्यावर गुंडाळतो. इथे उलट आहे. वरचा ओलावा हाच पुढच्या वळणाचा डिंक असतो. थर वरून कोरडा झाला की दुमडताना चिरतो आणि नाही चिरला तरी कापल्यावर थर सुटे होतात. घाईत, वाहतं असताना गुंडाळलं तर आतलं कच्चं बाहेर येऊन गुंडाळी लोळागोळा होते.

गुंडाळी पलीकडे सरकवा, मोकळ्या तव्यावर तेलाचं कापड फिरवा, ती सरकवून तिच्याखालीही पुसा. दुसरी पळी ओता आणि गुंडाळी जरा उचलून मिश्रण तिच्याखाली जाऊ द्या. हे विसरलं तर नवा थर जुन्याला चिकटत नाही. ओलं चकाकेपर्यंत थांबा आणि परत गुंडाळा. असं चार वेळा. मध्येच एखादा थर फाटला तर थांबू नका, पुढचा थर तो झाकतो. शेवटचा मात्र सगळ्यात मंद आचेवर करा, कारण दिसणार तोच.

एका गुंडाळीचे सहा तुकडे होतात. वीस डब्यांना चाळीस तुकडे, म्हणजे सात गुंडाळ्या आणि एकवीस अंडी; वर दोन तुकडे उरतात, ते चवीला. दोघींनी दोन तवे धरले तर तासाभरात सहज होतं.

उतरवल्यावर गरम असतानाच स्वच्छ ओल्या कापडात घट्ट गुंडाळा आणि हाताने चारी बाजू दाबून चौकोनी करा. पाच-सात मिनिटांनी उघडा. गरम कापली तर थर दबतात, म्हणून सुरी ओली करून गार झाल्यावरच कापा. डब्यासाठी मधला भाग पूर्ण शिजलेला हवा. एक तुकडा कापून बघा, ओल दिसली तर गुंडाळी मंद आचेवर झाकून दोन मिनिटं परत ठेवा. आणि पूर्ण निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. आत वाफ कोंडली की उन्हाळ्यात अंडं दुपारपर्यंत टिकत नाही. सकाळी केलेलं दुपारच्या जेवणात संपवायचं, संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.